छिद्र मोठं, तरी माती अडते: कपड्याचं कापड आणि तांत्रिक कापड यांतला फरक

प्रश्न: आमचे इचलकरंजीत यंत्रमाग आहेत. वडिलांपासून कॅम्ब्रिक आणि पॉपलिन विणतो. हल्ली सगळे नॉनवोव्हन, जिओटेक्स्टाइल, मेडिकल कापड असं बोलतात. हे आपल्या कपड्याच्या कापडापेक्षा बनावटीत आणि कामात नेमकं कुठे वेगळं पडतं? आपल्या मागावर यातलं काही होईल का?

उत्तर:

तुमच्याच मागावरच्या कापडापासून सुरुवात करतो, कारण ते तुमच्या हातातलं आहे. साठ काउंटचा ताणा, साठचाच बाणा, इंचाला ९२ उभे आणि ८८ आडवे, असं कॅम्ब्रिक घ्या. ९२ धागे एका इंचात बसतात म्हणजे एका धाग्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत सुमारे ०.२८ मिलिमीटर अंतर. साठ काउंटच्या सुती धाग्याची जाडी साधारण ०.१२ मिलिमीटर. उरलं काय? जवळपास ०.१६ मिलिमीटर, म्हणजे १६० मायक्रॉनची फट. बाण्याकडून ती थोडी जास्त निघते. धाग्यावरची लव आणि फिनिशिंगमध्ये धाग्याला येणारा चपटेपणा धरला तर प्रत्यक्षात फट कमी होते, पण आकड्याची जात हीच.

या फटीकडे कपड्याच्या धंद्यात आपण फारसं पाहत नाही. कापड पारदर्शक दिसू नये आणि अंगाला हवा लागावी, एवढ्यापुरतीच ती महत्त्वाची. आपलं सगळं लक्ष धाग्यावर असतं: काउंट, पीळ, रीड-पिक, धाग्याचा एकसारखेपणा, कापडाचा हात, पडण, रंग. गिऱ्हाईकसुद्धा कापड चिमटीत धरून पाहतं आणि त्यावर भाव ठरतो.

तांत्रिक कापडात गिऱ्हाईक पैसे देतं ते या फटीचे. पाणी जाऊ दे पण माती अडव; हवा जाऊ दे पण जंतू अडव; घामाची वाफ जाऊ दे पण रक्त अडव. रचना, तंतू, यंत्र हे सगळं त्या एका मागणीतून ठरतं. आणि यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी की, बहुतेक वेळा छिद्र हे अडवायच्या कणापेक्षा कितीतरी मोठं असतं, तरीही कण अडतो. हे कसं होतं ते समजलं की तिन्ही प्रकार उलगडतात. म्हणून मी त्यावरच थांबून सांगतो.

आधी बनावट

तुमच्या कापडात तंतूचा धागा होतो, धाग्याचा भीम होतो, सायझिंग होतं, मग विणकाम. ताकद येते ती पिळामुळे आणि धाग्यांच्या गुंफणीमुळे. नॉनवोव्हनमध्ये धागा ही पायरीच नाही. तंतूंची थेट गादी तयार करायची आणि ती कशाने तरी बांधायची.

रस्त्याखाली जाणारं जाड जिओटेक्स्टाइल बहुधा नीडल पंच पद्धतीचं असतं. पॉलिप्रॉपिलिनच्या किंवा पॉलिएस्टरच्या आखूड तंतूंची गाठ उघडायची, कार्डिंग करायचं, कार्डमधून आलेला पातळ थर आडवा घड्या घालत एकावर एक रचायचा आणि ती फुगीर गादी सुयांच्या यंत्राखालून न्यायची. या सुयांच्या कडांना बारीक खाचा असतात. सुई खाली जाताना वरचे तंतू खाली ओढते आणि वर येताना त्यांना तिथेच सोडते. चौरस सेंटिमीटरला शेकडो टोचे पडले की गादी घट्ट होते. शर्टिंगच्या पॉलिएस्टरचा तंतू सव्वा-दीड डेनियरचा असतो. इथे चार ते सहा डेनियरचा जाड, लांब तंतू लागतो, कारण सुईने ओढताना तो तुटता कामा नये. टोचे वाढवले की ताकद आधी वाढते, पण एका मर्यादेपुढे तंतूच तुटायला लागतात आणि ताकद पुन्हा उतरते.

मास्क आणि गाऊनचं पातळ कापड वेगळ्या रस्त्याने येतं. पॉलिप्रॉपिलिनचे दाणे वितळवून बारीक छिद्रांतून अखंड तंतू काढायचे, हवेने ताणायचे, सरकत्या जाळीच्या पट्ट्यावर पसरायचे आणि नक्षीच्या गरम रोलरखाली ठिकठिकाणी चिकटवायचे. हे स्पनबॉन्ड. त्यावर दिसणारे बारीक ठिपके म्हणजे तंतू चिकटलेल्या जागा. यातला तंतू १५ ते २५ मायक्रॉनचा. मेल्टब्लोनमध्ये फार पातळ वितळणारं पॉलिप्रॉपिलिन घेऊन गरम हवेच्या जोरदार झोताने तंतू इतके बारीक करतात की जाडी एक ते पाच मायक्रॉनवर येते. एकाने कापडाला ताकद मिळते, दुसऱ्याने गाळण. म्हणून स्पनबॉन्ड, मेल्टब्लोन, स्पनबॉन्ड असे तीन थर एकत्र वापरतात.

जिओटेक्स्टाइल: काळ्या मातीतला चर

आपल्याकडच्या काळ्या मातीत रस्त्याच्या कडेला पाणी काढायचा चर घ्या. खोदलेल्या चरात कापड अंथरायचं, खडी भरायची, कापड वरून दुमडायचं, माती टाकायची. खडीतून पाणी वाहून जावं, पण माती खडीत शिरू नये, एवढंच कापडाचं काम.

काळ्या मातीतले चिकणकण दोन मायक्रॉनपेक्षा बारीक असतात. अर्ध्याहून जास्त माती ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून जात असेल, तर रस्त्यांच्या कामाचे नियम कापडाच्या छिद्रासाठी कमाल मर्यादा देतात ०.२२ मिलिमीटर, म्हणजे २२० मायक्रॉन. दोन मायक्रॉनच्या कणासाठी २२० मायक्रॉनचं छिद्र! तुमच्या कॅम्ब्रिकची फट याहून लहान आहे.

तरी हे चालतं, कारण ओल्या चिकणमातीचे कण सुटे नसतात. ते गठ्ठ्याने धरून राहतात. कोरडं पीठ चाळणीतून पडतं, भिजवलेल्या पिठाचा गोळा पडत नाही, तसंच. पाणी वाहायला लागलं की सुरुवातीला कापडालगतचे थोडे बारीक कण निघून जातात. मागे राहिलेले जरा मोठे गठ्ठे छिद्रांवर कमान धरतात. त्यांच्यामागे त्याहून बारीक, त्यांच्यामागे आणखी बारीक, असा मातीचाच एक गाळणथर तयार होतो. गाळायचं काम पुढे वर्षानुवर्षं हा मातीचा थर करतो. कापड फक्त त्याला जागेवर धरून ठेवतं. छिद्र फार बारीक ठेवलं तर सुरुवातीला निघून जायला हवे ते कण कापडातच अडकतात आणि कापड तुंबतं. म्हणून इथे "जितकं बारीक तितकं चांगलं" हा कपड्याच्या धंद्यातला विचार उलटा पडतो.

पाणी किती जातं, ते मोजायला कापडाची जाडी आणि झिरप एकत्र धरणारा एक आकडा असतो. या मातीसाठी तो किमान ०.१ प्रति सेकंद लागतो. नवं नीडल पंच कापड सहज एकच्या पुढे जातं. त्याचा अर्थ असा: एक चौरस मीटर कापडावर पाच सेंटिमीटर पाणी उभं असेल, तर सेकंदाला ५० लिटर पाणी पलीकडे जाईल. काळ्या मातीतून इतकं पाणी कधीच येत नाही. एवढा मोठा शिल्लक वाव ठेवलेला असतो तो काळाच्या ओघात थोडंफार तुंबणार हे गृहीत धरून.

आता बिघडतं कुठे ते सांगतो. मी पाहिलेल्या एका कामावर कापड उत्तम होतं, चाचणीचे दाखले बरोबर होते, पण पहिल्याच पावसाळ्यात चर निकामी झाला. मजुरांनी कापड चरात ताणून, दोन्ही काठांवर खिळे ठोकून सुबक बसवलं होतं. त्यामुळे चराची खडबडीत भिंत आणि कापड यांच्यात पोकळी राहिली. पाऊस पडला, भिंतीची ढेकळं त्या पोकळीत ढासळून विरघळली, राबडी झाली आणि त्या राबडीतले सुटे कण कापडाच्या तोंडावर लेपासारखे बसले. कमान धरायला मातीचा अखंड आधारच नव्हता. हा दोष ओळखायची खूण सोपी आहे: चरालगत एक खड्डा घ्या. मातीच्या बाजूला पाणी वर उभं असेल आणि कापडाच्या आतली खडी कोरडी असेल, तर कापड तोंडावर तुंबलेलं आहे. उपाय बसवण्यातच आहे. भिंत सारखी करायची, ढेकळं काढायची आणि कापड सैल सोडायचं, म्हणजे खडी पडली की ती कापडाला मातीवर दाबून बसवते.

याला एक मर्यादाही आहे. क्षाराने बिघडलेली काही चोपण माती पाण्यात गठ्ठा न धरता दुधासारखी विरते. तिथे कमानीचा हा भरवसा धरता येत नाही. ढेकूळ स्वच्छ पाण्याच्या ग्लासात सोडून बघायचं. न ढवळता भोवती गढूळ ढग पसरला, तर प्रयोगशाळेतली चाचणी केल्याशिवाय कापड ठरवू नये.

पॉलिप्रॉपिलिनच्या चपट्या पट्ट्यांचं विणलेलं कापड, साखरेच्या पोत्यासारखं दिसणारं, हेही जिओटेक्स्टाइलच. त्याची ताकद जास्त असते. पण ते एका पातळीतलं असतं, छिद्रं मोजकी, आणि एक छिद्र बुजलं की ते गेलंच. नीडल पंच कापड दीड-दोन मिलिमीटर जाड असतं. त्यात पाण्याला वाकडेतिकडे अनेक रस्ते असतात. एक बंद झाला तर पाणी शेजारून जातं. ही जाडीच त्याची कमाई आहे. कपड्याच्या धंद्यातून आलेला माणूस हे कापड गुळगुळीत, नेटकं दिसावं म्हणून कॅलेंडरवर जोरात दाबतो, आणि तिथेच वाहण्याची क्षमता घालवून बसतो.

ताकदीकडेही इथे वेगळ्या नजरेने पाहतात. रस्त्याच्या मधल्या दर्जाच्या कामासाठी कमी ताणलं जाणारं विणलेलं कापड असेल तर पकड-ताकद ११०० न्यूटन मागतात. ५० टक्क्यांहून जास्त ताणलं जाणारं नॉनवोव्हन असेल तर ७०० न्यूटन चालते. कारण टोकदार खडी खाली दाबली गेली की ताणलं जाणारं कापड तिच्याभोवती वळसा घेतं, फाटत नाही. शर्टाचं कापड तुटायच्या आधी दीडपट ताणलं गेलं तर आपण ते परत पाठवू. इथे तोच गुण.

तंतू निवडतानाही कपड्याचे निकष उपयोगी पडत नाहीत. ताज्या काँक्रीटलगत किंवा चुना मिसळलेल्या मातीत पॉलिएस्टर टाकू नका, अल्कलीत ते हळूहळू झिजतं. पॉलिप्रॉपिलिनला अल्कलीचं काही वाटत नाही, पण उन्हाचं वाटतं. म्हणून अंथरल्यावर दोन आठवड्यांच्या आत ते मातीखाली गेलं पाहिजे.

मास्क: छिद्र मोठं, कण पुन्हा लहान

मेल्टब्लोन थरातली छिद्रं साधारण १० ते २० मायक्रॉनची असतात. अडवायचा कण अर्ध्या मायक्रॉनचा किंवा त्याहून लहान. मातीसारखी कमान इथे धरता येत नाही, कारण श्वास पहिल्या क्षणापासून मोकळा चालला पाहिजे. इथे काम करतो तो तंतूचा पृष्ठभाग.

हिशेब करून पाहा. चौरस मीटरला २५ ग्रॅम वजनाचा मेल्टब्लोन थर, तंतू दोन मायक्रॉनचा. त्या एका चौरस मीटरमध्ये तंतूची लांबी भरते सुमारे साडेआठ हजार किलोमीटर. तेवढ्याच वजनाच्या २० मायक्रॉनच्या स्पनबॉन्डमध्ये ती ८५ किलोमीटरच्या आसपास. तुमच्या कॅम्ब्रिकच्या एका चौरस मीटरमध्ये धागा आहे सात किलोमीटर. प्रत्येक धाग्यात पन्नास-साठ कापसाचे तंतू असले तरी ते पिळाने एकमेकांत आवळलेले आहेत; हवा त्यांच्यामधून जात नाही, ती १६० मायक्रॉनच्या फटीतून सरळ निघून जाते. मेल्टब्लोनमध्ये प्रत्येक तंतू सुटा, हवेच्या वाटेत आडवा उभा.

मोठा कण वळणावर वळू शकत नाही आणि तंतूवर आदळतो. अगदी लहान कण हवेच्या रेणूंच्या धक्क्यांनी इकडेतिकडे भटकत तंतूला चिकटतो. मधला, ०.३ मायक्रॉनच्या आसपासचा, सगळ्यात अवघड, कारण त्याला या दोन्ही गोष्टी कमी लागू पडतात. त्याच्यासाठी मेल्टब्लोनला विद्युत्भार देतात. तंतू हा भार महिनोन्‌महिने धरून ठेवतो आणि कण ओढून घेतो. गाळण वाढते, पण श्वासाला होणारा अडथळा वाढत नाही. कापड नुसतं घट्ट करून हे साधत नाही. घट्ट कापडातून श्वास गेला नाही की तो गालाच्या बाजूने निघतो आणि मग मास्क असून नसल्यासारखा.

यातूनच दोन व्यावहारिक गोष्टी निघतात. असा मास्क साबणाने धुतला किंवा त्यावर सॅनिटायझर मारला तर भार जातो. दिसायला तो जसाच्या तसा, गाळण मात्र बरीच उतरलेली. आणि मेल्टब्लोन नसलेला, तिन्ही थर स्पनबॉन्डचे असलेला मास्क ओळखायचा असेल तर कडा कापून थर सुटे करा. मधल्या थरावर ठिपक्यांची नक्षी दिसली तर तो स्पनबॉन्डच आहे. मेल्टब्लोन मऊ कागदासारखा पांढरा, ठिपक्यांविना असतो आणि हाताने सहज फाटतो. ही प्राथमिक खूण झाली. गाळण किती आहे हे आयएस १६२८९ प्रमाणे प्रयोगशाळेतच कळतं.

गाऊन: छिद्र उघडं, तरी रक्त थांबतं

शस्त्रक्रियेच्या गाऊनला तेच तीन थर, पण काम तिसऱ्याच प्रकारचं. पॉलिप्रॉपिलिनला पाणी चिकटत नाही. त्यामुळे छिद्र उघडं असलं तरी पाणी आपणहून आत शिरत नाही, त्याला दाबाने ढकलावं लागतं. छिद्र १५ मायक्रॉनचं असेल तर हिशेबाने सुमारे ३० सेंटिमीटर उंच पाण्याचा दाब लागतो. छिद्र अर्धं केलं की दाब दुप्पट. अमेरिकेतल्या वर्गवारीत दुसऱ्या पातळीच्या गाऊनला २० सेंटिमीटर आणि तिसऱ्याला ५० सेंटिमीटर टिकावं लागतं. बाहेरचा स्पनबॉन्ड जाड करून हा आकडा फारसा वाढत नाही, मधला मेल्टब्लोन वाढवला तर वाढतो. कापडाचं एकूण वजन पाहून माल घेणारे इथे फसतात.

सुती कापडाला पाणी स्वतःच ओढून घ्यायची सवय असल्यामुळे तिथे हा दाब शून्यच. रक्ताचा पृष्ठताण पाण्यापेक्षा कमी असतो, त्यामुळे पाण्याची चाचणी पास झालेलं कापड रक्ताला तेवढंच टिकेल असं धरू नये. अल्कोहोलचा त्याहून कमी. ते साध्या पॉलिप्रॉपिलिनमधून पाझरतं, म्हणून त्यासाठी वेगळी प्रक्रिया करतात.

शिवणीची गोष्ट इथे निर्णायक ठरते. मशीनच्या सुईने पडलेलं भोक मिलिमीटरच्या आसपासचं असतं. त्याला एक सेंटिमीटर पाण्याचा दाबही पेलत नाही. २०२० मध्ये अनेक कपडे शिवणाऱ्या कारखान्यांनी अंगभर झाकणारे सूट शिवले, तेव्हा कापड पास आणि शिवण नापास हा प्रकार याचमुळे होत होता. शिवणीवर उष्णतेने टेप चिकटवणं तिथे अनिवार्य आहे.

निर्जंतुकीकरणही कापड ठरतानाच ठरतं. सुती हिरवे गाऊन वाफेच्या ऑटोक्लेव्हमध्ये जातात. पॉलिप्रॉपिलिन गॅमा किरणांनी ठिसूळ होतं, म्हणून त्याला बहुधा इथिलिन ऑक्साइड वायू वापरतात.

तुमच्या मागावर काय होईल

नीडल पंच, स्पनबॉन्ड, मेल्टब्लोन यांना पूर्ण वेगळ्या यंत्रांची ओळ लागते. तुमच्या मागाचा तिथे उपयोग नाही. जिओटेक्स्टाइलचं विणलेलं कापड कित्येक मीटर पन्ह्याच्या भारी मागांवर होतं, साध्या यंत्रमागावर नाही.

तुमच्या मागाला जमेल अशी वस्तू एकच, पण खरी: जखमेवरची गॉझ आणि बँडेजचं कापड. हे विणलेलंच असतं, साधी वीण, विरळ. तमिळनाडूत राजपालयमच्या बाजूला हा धंदा यंत्रमागांवरच उभा आहे. विणायला ते तुमच्या कॅम्ब्रिकपेक्षा सोपं. अवघड भाग नंतरचा आहे. गॉझने रक्त ओढून घ्यायचं असतं, म्हणून पाण्यावर टाकली की ती दहा सेकंदांच्या आत बुडाली पाहिजे. सायझिंगचा स्टार्च, मेण, कापसाचा नैसर्गिक तेलकटपणा यातलं काहीही उरलं तर ती तरंगत राहते. पांढरेपणासाठी कपड्याला घालतो ती चमक इथे अजिबात चालत नाही. मऊपणा आणणारं फिनिशही नाही, कारण त्याने पाणी ओढणं मंदावतं. नेहमीच्या प्रोसेस हाउसमध्ये त्याच टाकीत आदल्या पाळीत शर्टिंगला ब्राइटनर दिलेला असतो आणि त्याचे अंश गॉझमध्ये येतात. अतिनील दिव्याखाली धरली की निळी चमक दिसते आणि माल परत येतो.

म्हणून मागांत बदल करण्याआधी प्रोसेसिंग कुठे करणार ते पक्कं करा. फक्त या कामासाठी राखलेली टाकी असलेलं प्रोसेस हाउस मिळालं तर एका भीमाचं कापड विणून, धुऊन, बुडण्याची वेळ मोजून पाहा. बुडण्याची वेळ मोजणं, आयोडीनने स्टार्च शोधणं, अतिनील दिव्याखाली पाहणं, हे सगळं तुमच्या गावातच होण्यासारखं आहे. इचलकरंजीच्या डीकेटीई संस्थेत नॉनवोव्हनचं केंद्र आहे. तिथे नीडल पंचची ओळ एकदा चालताना बघा, म्हणजे वर लिहिलेलं जाडीचं प्रकरण डोळ्यांसमोर येईल.